क्यूआर कोडच्या आड दडलेला पत्ता

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर. मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवता यावा म्हणून जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो तयार केला. त्यात फोन नंबर लिहिता येतो, वायफायचा पासवर्ड लिहिता येतो, संकेतस्थळाचा पत्ताही लिहिता येतो. मात्र हा मजकूर माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही, फक्त यंत्राला येतो. बनावट लॉगिन पानाचा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा असतो. कागदावर वेडावाकडा पत्ता छापलेला असता तर कोणालाही शंका आली असती. तोच पत्ता चौकोनात घातला की बँकेचा खरा कोड आणि ठगाचा कोड दिसायला सारखेच होतात. कोडच्या मधोमध ओळखीचे बोधचिन्ह असले तरी त्याला काही अर्थ नाही. थोडा भाग फाटला किंवा मळला तरी वाचता यावा अशी या कोडची रचना आहे; सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी चालतो. तेवढ्या जागेत कोणीही कोणाचेही चिन्ह चिकटवू शकतो.

भारतात क्यूआर कोड घरोघरी पोचला तो यूपीआयमुळे, आणि फसण्याचे एक कारण या सवयीतही आहे. भाजीच्या गाडीवरच्या कोडमधला मजकूर `upi://pay` असा सुरू होतो. तो वाचल्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव यूपीआय अ‍ॅप पडद्यावर दाखवते आणि मगच पिन मागते. म्हणजे मध्ये एक थांबा असतो आणि तिथे नाव दाखवणारा तिसराच असतो. संकेतस्थळाच्या कोडमधला मजकूर सहसा `https://` ने सुरू होतो. तिथे असा थांबा नाही. पान उघडते आणि आपण कोण आहोत हे ते पान स्वतःच सांगते. गाडीवरचा कोड बेधडक स्कॅन करणारा हात पार्सलवरचा कोडही तसाच स्कॅन करतो, आणि इथे नाव तपासणारे कोणी नाही हे लक्षात येत नाही.

पार्सलच्या प्रकाराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जुलै २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला. न मागवलेले पार्सल दारात येते. पाठवणाऱ्याचे नाव नसते, आत एखादी किरकोळ वस्तू आणि क्यूआर कोड असतो. कोणी पाठवले हे जाणून घ्यायचे तर कोड स्कॅन करावा लागणार. कोड नेतो अशा पानावर, जिथे वैयक्तिक आणि बँकेची माहिती मागितली जाते किंवा फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर उतरवले जाते. न मागवलेल्या वस्तू पाठवण्याची युक्ती मुळात जुनी आहे. काही ऑनलाइन विक्रेते खोटी खरेदी दाखवून स्वतःच्या मालाला स्वतःच चांगले अभिप्राय लिहीत आणि त्यासाठी अनोळखी पत्त्यांवर स्वस्त वस्तू धाडत. ठगांनी त्यात कोडची भर घातली. हा सापळा चालतो लोभावर नव्हे, तर कुतूहलावर. त्यामुळे ‘फुकटच्या आमिषाला आम्ही भुलत नाही’ म्हणणारी माणसेही त्यात सापडतात.

असाच एक कल्पित प्रसंग घेऊन तपासणी कशी करायची ते पाहता येईल. पार्सलवर चिठ्ठी आहे : ‘पत्ता अपूर्ण आहे, उरलेली वस्तू मिळवण्यासाठी कोड स्कॅन करून लॉगिन करा.’ फोनचा कॅमेरा कोडवर धरला की पान लगेच उघडत नाही. आधी पडद्यावर छोटी पट्टी येते आणि तिच्यावर पत्ता किंवा त्याचा काही भाग दिसतो. त्या पट्टीवर बोट ठेवेपर्यंत काहीच घडलेले नसते. पहिली तपासणी इथेच. समजा, पूर्ण पत्ता असा आहे :

```
https://indiapost.gov.in.parcel-check.example/login
```

डावीकडून वाचणाऱ्याला आधी ओळखीचे `indiapost.gov.in` दिसते आणि तो निर्धास्त होतो. पण संकेतस्थळाचा मालक ठरतो उजव्या टोकावरून. `https://` नंतर जी पहिली तिरपी रेघ येते तिथे बोट ठेवायचे आणि तिथून डावीकडे वाचत यायचे. इथे रेघेच्या आधी `example` आहे आणि त्याच्या आधी `parcel-check`. म्हणजे हे संकेतस्थळ `parcel-check.example` या नावाच्या मालकाचे आहे. त्याच्या डावीकडे जे काही आहे ते त्या मालकाने स्वतःच्या मर्जीने लावलेले आहे. तिथे तो टपाल खात्याचे नाव लिहील किंवा रिझर्व्ह बँकेचेही लिहील, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. (`.example` हे टोक केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे. खऱ्या फसवणुकीत तिथे `.com`, `.top`, `.xyz` असे काहीही असू शकते.) खऱ्या टपाल खात्याच्या पत्त्यात `gov.in` हे रेघेच्या लगेच आधी येते. आडव्या छोट्या रेघेने जोडलेले `indiapost-gov.in` हेही वेगळेच नाव आहे. टिंब आणि आडवी रेघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बँकांच्या बाबतीत ही तपासणी आता बरीच सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांसाठी `bank.in` हे राखीव टोक ठरवले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास बँकांना सांगितले. हे टोक फक्त बँकांनाच मिळते. स्टेट बँकेचा पत्ता त्यानुसार `sbi.bank.in` झाला. नियम मात्र तोच : `bank.in` हे पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी असले पाहिजे. `sbi.bank.in.kyc-update.example` हा पत्ता बँकेचा नव्हे.

कॅमेऱ्याच्या पट्टीवर दिसलेल्या पत्त्यावर पूर्ण विसंबताही येत नाही, कारण तो वाटेवरचा केवळ पहिला थांबा असू शकतो. अनेक कोडमध्ये लघुपत्ता असतो आणि तो पुढे कुठे नेतो हे आधी कळत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या ऊर्जा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टच्या नावाने ईमेल गेले. त्यांत लिंकऐवजी क्यूआर कोडचे चित्र होते, आणि त्यांतल्या बऱ्याच कोडमधला पत्ता होता मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या संकेतस्थळाचा. तिथून वाचक आपोआप बनावट लॉगिन पानाकडे ढकलला जाई. म्हणून दुसरी तपासणी जिथे पासवर्ड मागितला जातो त्या पानावर करायची. फोनचा पडदा अरुंद असल्याने लांब पत्ता तिथे पूर्ण मावत नाही. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो उलगडून पाहावा लागतो. एखाद्या अ‍ॅपच्या पोटात उघडलेल्या पानावर ही पट्टीच दिसत नसेल, तर तिथे पासवर्ड टाकू नये.

कुलपाच्या चिन्हावर अनेकांचा भरवसा असतो. ते चिन्ह एवढेच सांगते की फोन आणि संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोरचा कोण आहे हे ते सांगत नाही. ठगालाही असे प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळते. हा गैरसमज इतका पक्का झाला होता की गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे चिन्ह काढून तिथे वेगळे चिन्ह ठेवले.

ओटीपी असताना पासवर्ड गेला तर काय बिघडले, असा प्रश्न साहजिक आहे. आजची बनावट पाने मधल्या दलालासारखी काम करतात. इकडे पासवर्ड टाकला की ते पान तो त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकते. खरे संकेतस्थळ खराच ओटीपी पाठवते, तोही त्याच पानावर भरला जातो आणि पुढे पोचवला जातो. खाते उघडते, पण ठगाच्या यंत्रावर. ओटीपी खरा आला म्हणून पानही खरे, हा समज त्यामुळे महागात पडतो.

या डावाला पुरून उरणारे एक साधन बहुतेक फोनमध्ये आधीपासून असते : पासवर्ड लक्षात ठेवणारी सोय. ती पानाचे रंगरूप पाहत नाही, पत्ता पाहते. खऱ्या पत्त्यावर जतन केलेला पासवर्ड ती एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावर पुढे करत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो बिघाड समजून हाताने टाइप करण्याची घाई होते. नेमके तेव्हाच थांबायला हवे. पासकी त्याहून पक्की, कारण ती दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही आणि टाइप करण्यासारखे त्यात काही नसते.

भिंतीवरच्या फलकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे फलक खरा आणि त्यावर चिकटवलेला कोड खोटा असू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात पार्किंगचे पैसे भरण्याच्या दोन डझनांहून अधिक यंत्रांवर असे स्टिकर सापडले. मौज अशी की ती महापालिका पार्किंगसाठी क्यूआर कोड वापरतच नव्हती. कोडवर बोट फिरवून स्टिकरची कड लागते का ते पाहण्याचा सल्ला अशा ठिकाणी उपयोगी पडतो. पार्सलच्या बाबतीत तो कुचकामी, कारण तिथे अख्खी चिठ्ठीच ठगाने छापलेली असते.

खात्रीचा उपाय एकच, आणि त्याला पत्त्यांचे व्याकरणही लागत नाही : कोडवरून पोचलेल्या पानावर लॉगिन करायचेच नाही. पार्सलचा काही प्रश्न असेल तर टपाल खात्याचे किंवा कुरिअरचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावे आणि तिथे पार्सलचा क्रमांक घालावा. बँकेचे काम बँकेच्या अ‍ॅपमधून करावे. निरोप खरा असेल तर तो तिथेही दिसेल. रेस्टॉरंटचा मेनू पाहायला कोड चालेल. मेनू दाखवण्यासाठी गूगलचा पासवर्ड कोणालाही लागत नाही.

पासवर्ड भरून झाल्यावर शंका आली, तर तो नुसता बदलून भागत नाही, कारण ठगाच्या यंत्रावर खाते उघडेच राहू शकते. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे. ईमेल असेल तर आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सोय कोणी लावली आहे का आणि खाते परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर बदलला आहे का, तेही पाहावे. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलावा. पैसे गेले असतील तर भारतात तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी, आणि बँकेलाही कळवावे. रक्कम ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली, तरच ती गोठवता येते.