वीस जणांची बॅच, सहा आठवडे आणि एचआरचा होकार

जून लागला की योगशिक्षकांचे फोन खणखणू लागतात. २१ तारखेला एक तासाचं सत्र, कॅफेटेरियातली टेबलं बाजूला सारून बसवलेली शे-दीडशे माणसं, मागे बॅनर, मग फोटो आणि लिंबूसरबत. या सत्राचे पैसे मिळतात, ते जरूर घ्यावेत. पण त्यातून वर्षभराचं काम क्वचितच उभं राहतं, कारण त्या एका तासाने एचआर हेडच्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. योगाने बरं वाटतं का, हा त्यांचा प्रश्न नसतोच. ते त्यांनी केव्हाच मान्य केलेलं असतं, निदान तोंडदेखलं तरी. त्यांना दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. कामाच्या दिवशी, चौथ्या-पाचव्या आठवड्यातही माणसं आपणहून येतील का? आणि यातून आपल्या टेबलावर एखादी तक्रार तर येणार नाही ना? छोटी पायलट बॅच या दोन प्रश्नांसाठी असते, आणि ती त्याच हिशेबाने आखावी लागते.

समजा, खराडीत एक कंपनी आहे. यंत्रभागांच्या डिझाइनचं काम, अडीचशे माणसं, दिवसभर दोन-दोन स्क्रीनसमोर. एचआर हेडनी वीस मिनिटांची वेळ दिली आहे. योगाचे फायदे सांगणारी तीस स्लाइड्स तिथे उघडू नयेत. त्याऐवजी विचारावं की कंपनीच्या बस किती वाजता येतात आणि किती वाजता सुटतात. मोठी कॉन्फरन्स रूम कोणत्या वेळी रिकामी असते आणि ती कोणाच्या ताब्यात आहे? महिनाअखेर किंवा डिलिव्हरीची घाई कोणत्या आठवड्यात असते? पुढच्या वर्षाचं बजेट कोणत्या महिन्यात ठरतं? आणि थोडी ओळख झाली की शेवटी, वरची मंजुरी न घेता तुम्ही स्वतः किती रकमेपर्यंत सही करू शकता?

शेवटच्या प्रश्नावर पायलटचा आकार ठरतो. ही मर्यादा पन्नास हजार रुपयांची निघाली, असं धरू. मग पायलट तीस हजारांत बसवायचा, म्हणजे फाइल फायनान्सच्या वाऱ्या न करता पुढे सरकते. आठवड्यातून दोन दिवस, सहा आठवडे, चाळीस मिनिटांची बारा सत्रं, प्रत्येकी अडीच हजार रुपये. पुष्कळ शिक्षक पायलट फुकट देतात आणि ते मला चुकीचं वाटतं. फुकट पायलटसाठी व्हेंडर रजिस्ट्रेशन होत नाही, पर्चेस ऑर्डर निघत नाही, ॲडमिनला रूम अडवून ठेवण्याचं कारण उरत नाही. एखादी क्लायंट मीटिंग आली की सगळ्यात आधी तुमचंच सत्र रद्द होतं. सवलतीचा दरही नको, कारण तोच दर पुढे वर्षभर चिकटतो. खर्च कमी करायचा तर सत्रं कमी करावीत, दर नाही.

वेळ ठरवताना शिक्षकाच्या सोयीला स्थान नाही. सकाळी साडेसातची वेळ योगाला उत्तम, पण कंपनीची बस नऊला पोचत असेल तर त्या बॅचला फक्त जवळ राहणारे आणि स्वतःच्या गाडीने येणारे येतील. आपल्या उदाहरणात सव्वानऊला बस येते, दहाला पहिली मीटिंग सुरू होते, संध्याकाळी सहाला बस सुटते. तेव्हा सव्वापाच ते पाच पंचावन्न. दुपारी एक-दीडला जेवण झालेलं असतं, पोट हलकं झालेलं असतं आणि बस चुकत नाही. बहुतेक जण फॉर्मल पँट किंवा कुर्ती-सलवारीत असतात आणि कपडे बदलायला जागा नसते. म्हणून निम्मं सत्र उभ्याने, निम्मं खुर्चीवर: ताडासन, कटिचक्रासन, मान आणि खांद्यांच्या हालचाली, खुर्चीत बसून पाठीचा पीळ, शेवटी नाडीशोधन आणि भ्रामरी. आयुष मंत्रालयाचा कामाच्या ठिकाणी करण्याचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ही याच धर्तीचा आहे. त्याचा उल्लेख केला तर एचआरला सरकारी आधार दिसतो, आणि न आलेल्यांना जागेवर करता येईल असं काहीतरी देता येतं.

आता तक्रारीची बाजू. ॐकार आणि प्रार्थना घ्यायची का, हे पहिल्या सत्राआधी एचआरशी स्पष्ट बोलून ठरवावं. माझं मत असं की वेगवेगळ्या धर्मांची माणसं असलेल्या ऑफिसात पायलटमध्ये ती घेऊ नये. भ्रामरीचा गुंजारव पुरतो, कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. हात लावून आसन सुधारायचं नाही, फक्त बोलून आणि करून दाखवून. एचआर हेड हे वाक्य प्रस्तावात वाचतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. फोटो काढायचे तर आधी विचारून.

आणखी एक गोष्ट आरोग्याच्या माहितीची. नाव नोंदवताना प्रत्येकाकडून एक छोटा फॉर्म भरून घ्यायचा: रक्तदाब, मणक्याचा त्रास, काचबिंदू, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण. असं काही असेल तर कपालभाती, श्वास रोखून धरणं, डोकं खाली नेणाऱ्या स्थिती त्या व्यक्तीला द्यायच्या नाहीत. गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारून यायला सांगायचं. हे फॉर्म शिक्षकाकडेच राहतात, एचआरकडे जात नाहीत, आणि हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असावं. गरोदर असल्याचं मॅनेजरला अजून न सांगितलेली मुलगी त्याशिवाय खरं लिहिणार नाही. एचआरला मिळणार ते फक्त एकत्रित आकडे.

प्रस्ताव एका पानाचा असावा आणि त्यातला सगळ्यात कामाचा मजकूर म्हणजे पायलट संपल्यावरचा निर्णय, आधीच लिहून ठेवलेला. उदाहरणार्थ: वीसपैकी किमान बारा जण बारापैकी आठ किंवा अधिक सत्रांना आले, तर सहा महिन्यांच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव बजेटमध्ये मांडला जाईल. हे नसेल तर सहा आठवड्यांनी ‘छान झालं, कळवतो’ एवढंच हाती येतं. बारा या आकड्यात जादू काही नाही. तो दोघांनी मिळून आधी ठरवला, हे महत्त्वाचं.

इथे मोह होतो तो मोठी आश्वासनं देण्याचा: रजा कमी होतील, वैद्यकीय खर्च घटेल, लोक नोकरी सोडणार नाहीत. देऊ नयेत. २०१९ साली अमेरिकेत दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक इलिनॉय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरचा आणि दुसरा बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीतला. दोन्हीकडे वेलनेस कार्यक्रम कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. दुकानसाखळीत दीड वर्षाने लोक आपल्या सवयी थोड्या सुधारल्याचं सांगत होते, पण गैरहजेरीत किंवा वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉयच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: अशा कार्यक्रमांना आपणहून येणारी माणसं मुळातच तब्येतीने आणि सवयींनी बरी असतात, त्यामुळे आलेले आणि न आलेले यांची तुलना करून काढलेला फायदा फसवा निघतो. हे कार्यक्रम निव्वळ योगाचे नव्हते, हे खरं. पण वीस माणसांच्या सहा आठवड्यांत याहून जास्त सिद्ध करू, असं म्हणणाऱ्या शिक्षकावर जाणकार एचआर हेडचा विश्वास बसत नाही.

मग मोजायचं काय? पहिलं, हजेरी. आपल्या कंपनीत नोंदणीचा मेल गेला आणि चौतीस नावं आली. जागा वीस, नावं चिठ्ठ्या टाकून निवडली, उरलेले चौदा प्रतीक्षायादीत. पहिल्या सत्राला अठरा आले, दुसऱ्या आठवड्यात सोळा, तिसऱ्यात एकदम दहा. हा खड्डा बहुधा येतोच. नवेपणा ओसरलेला असतो आणि इथे महिनाअखेरही होती. खरी परीक्षा चौथ्या आठवड्यापासून. तिथून एचआरला आठवणीचे मेल थांबवायला सांगायचे. मेलशिवाय संख्या चौदा-पंधरावर परत येऊन टिकली, तर बॅच जिवंत आहे. सातवर घसरली, तर आधीची गर्दी मेलची होती. उलट, सहाही आठवडे विसाच्या वीस हजर दिसले तर खूश होण्याआधी चौकशी करावी. बहुधा एखाद्या मॅनेजरने आपल्या टीमला ‘जायचंच आहे’ असं सांगितलेलं असतं, किंवा हजेरीपट त्याच्याकडे जात असतो.

दुसरं माप म्हणजे एकच प्रश्न, पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात: गेल्या सात दिवसांत मान-पाठ-खांद्यांचा त्रास शून्य ते दहा यांत किती? आणि इथे प्रतीक्षायादी उपयोगी पडते. त्या चौदा जणांनाही हाच प्रश्न त्याच दोन वेळी विचारायचा. बॅचमधल्यांचा सरासरी आकडा पाचवरून साडेतीनवर आला आणि प्रतीक्षायादीतल्यांचा पाचवरून साडेचारवर, असं समजा. ज्यांना त्रास जास्त असतो तेच नाव नोंदवतात, आणि असा त्रास काही न करताही थोडा उतरतो. तो उतार दुसऱ्या आकड्यात दिसतो. म्हणजे बॅचच्या नावावर दीड नव्हे, फार तर एक गुण मांडायचा, तोही ‘माणसं थोडी आहेत, हा अंदाज आहे’ असं सांगून. बॅच सोडून गेलेल्यांनाही शेवटी विचारायला हवं, नाहीतर फक्त रमलेल्यांचेच आकडे हाती राहतात.

शेवटच्या भेटीत दोन पानं पुरतात. आपल्या उदाहरणात तेरा जणांनी आठ किंवा अधिक सत्रं केली, ठरलेली रेघ ओलांडली. सोडून गेलेल्या चौघांपैकी तिघांनी वेळेचं कारण दिलं. ते ठळक लिहायचं, कारण त्यावरूनच सकाळच्या बॅचचा विषय निघतो. पुढचा प्रस्ताव मात्र शिक्षकाने स्वतःचाही हिशेब करून द्यावा. कोथरूडहून खराडीला जाऊन चाळीस मिनिटं शिकवून परतायचं तर तीन तास जातात. म्हणून सहा महिन्यांसाठी एका फेरीत लागोपाठ दोन बॅच, साडेचार आणि सव्वापाचच्या, फेरीला साडेचार हजार रुपये. सव्वीस आठवड्यांच्या बावन्न फेऱ्यांतून सणसुट्ट्या वगळल्या तर शेहेचाळीस उरतात; एकूण दोन लाख सात हजार. ही रक्कम वर मंजुरीला जाणारच, म्हणून पायलट नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करणं सोयीचं. एप्रिल ते मार्च हिशेब ठेवणाऱ्या कंपनीत बजेटची जुळवाजुळव जानेवारी-फेब्रुवारीत चालते आणि अहवाल ताजा असतो. परदेशी मालकीच्या काही कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं. त्यांच्याकडे हे सगळं दोन-तीन महिने आधी.

कागदपत्रं पायलटच्या वेळीच पुरी करावीत: पॅन, रद्द केलेला चेक, योग सर्टिफिकेशन बोर्डाचं किंवा ज्या संस्थेत शिकलात तिचं प्रमाणपत्र, आणि उद्यम नोंदणी. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ते बिलावर लिहावं, नाहीतर फायनान्स बिल परत पाठवतं. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर हवाच. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. करारात आणखी दोन वाक्यं घालून घ्यावीत. चोवीस तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना कंपनीने सत्र रद्द केलं तर त्याचे पैसे लागू होतील. आणि शिक्षक आजारी पडल्यास येणारा बदली शिक्षक कोण, हे त्याच्या प्रमाणपत्रासह आधीच कळवलेलं असेल; त्या शिक्षकाला पायलटच्या एखाद्या सत्राला बरोबर नेऊन माणसांची ओळख करून दिलेली बरी.