परत आलेला चेक आणि खात्यातली त्याची जागा

इचलकरंजीच्या कापड बाजारात चेक परत येणे ही काही बातमी नव्हे. पेढीवर बँकेचा रिटर्न मेमो येतो, मालक कपाळाला आठ्या घालून गिऱ्हाइकाला फोन लावतो आणि मेमो दिवाणजीकडे सरकवतो. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. त्या मेमोवरून दिवाणजी कोणत्या नोंदी करतो, यावर त्या पेढीची वही किती खरी बोलते ते ठरते.

एक व्यवहार आकड्यांसह पाहू. व्यापाऱ्याने पुण्याच्या गिऱ्हाइकाला १० जुलैला २,००,००० रुपयांचे कापड पाठवले. त्यावर ५ टक्के जीएसटीचे १०,००० धरून बिल झाले २,१०,००० रुपयांचे. पंचेचाळीस दिवसांत पैसे आले तर कापडाच्या किमतीवर २ टक्के रोख कसर, असा ठराव. गिऱ्हाइकाने ४,००० रुपये कसर कापून २,०६,००० रुपयांचा चेक धाडला आणि तो २२ ऑगस्टला बँकेत भरला गेला. वहीत नोंद सरळ झाली: बँक नावे २,०६,०००, कसर नावे ४,०००, गिऱ्हाईक जमा २,१०,०००. बिल फिटले. २५ ऑगस्टला चेक परत आला. कारण, खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

अशा वेळी संगणकावर हिशेब लिहिणाऱ्याचा हात आपोआप एका गोष्टीकडे वळतो. २२ तारखेची पावतीची नोंदच काढून टाकायची. पैसे आलेच नाहीत, मग नोंद कशाला ठेवायची? ही युक्ती फसवी आहे, कारण ती लगेच उघडी पडत नाही. बँकेने आधी २,०६,००० जमा केले आणि मग तेवढेच नावे टाकले, त्यामुळे नोंद पुसल्यावरही या व्यवहारापुरती वहीतली शिल्लक पासबुकाशी जुळते. पण ओळीला ओळ लावून ताळा करायला बसले की पासबुकातल्या दोन ओळी अनाथ निघतात, एक जमेची आणि एक नावेची. आणखी वाईट म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यात त्याने चेक दिल्याची खूणच उरत नाही. उद्या वकिलाने खात्याचा उतारा मागितला, तर चेक मिळाला कधी आणि परत आला कधी, हे वही सांगू शकत नाही.

म्हणून जुनी नोंद तशीच राहू द्यायची आणि परतीच्या तारखेला तिची उलट नोंद करायची. २५ ऑगस्टला गिऱ्हाईक नावे २,१०,०००, बँक जमा २,०६,०००, कसर जमा ४,०००. तपशिलात चेक क्रमांक, मेमोची तारीख आणि परतीचे कारण लिहायचे. सही जुळत नाही म्हणून परत आलेल्या चेकचीही नोंद हीच. कारण बदलले तरी हिशेब बदलत नाही. गिऱ्हाइकाशी बोलण्याचा सूर मात्र बदलायला हवा, कारण सहीच्या चुकीत लबाडी असेलच असे नाही.

या नोंदीतले ४,००० रुपये पुष्कळ ठिकाणी निसटतात. परत आलेला चेक २,०६,००० चा, म्हणून गिऱ्हाइकाच्या नावेही तेवढेच टाकले जातात आणि कसर तशीच राहते. पण कसर वेळेवर पैसे देण्याबद्दल होती. पैसे आले नाहीत, तेव्हा तिचा हक्कही गेला. ती उलटवली नाही, तर न वटलेल्या चेकवर व्यापारी सूट देऊन बसतो. इथे कसर देताना जीएसटीत फेरफार केलेला नव्हता, त्यामुळे ती परत घेतानाही कराला हात लागत नाही.

येणे पुन्हा उभे करताना तारखेचाही प्रश्न येतो, आणि प्रस्तुत लेखकाला सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. उलट नोंद १० जुलैच्या मूळ बिलाला जोडायची, की २५ ऑगस्टचे नवे येणे म्हणून टाकायची? एकूण रक्कम दोन्हीकडे तीच, म्हणून बरेचजण विचारच करत नाहीत. पण येण्याची वयवार यादी काढली की फरक कळतो. १२ सप्टेंबरला हे येणे खरोखर ६४ दिवसांचे झालेले असते. नव्या तारखेने टाकले, तर यादीत ते १८ दिवसांचे दिसते. ज्या गिऱ्हाइकाचा चेक परत आला, तोच यादीत ताजा आणि निर्धोक ठरतो, आणि मालक त्याला पुढचा माल उधारीवर पाठवतो. म्हणून बिल क्रमांक तोच आणि मुदतही मूळ बिलापासूनच मोजायची. जीएसटीत पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेली करवजावट परत करावी लागते. तो काळही बिलाच्या तारखेपासूनच चालतो.

बँकेचे शुल्क पासबुकात बहुधा वेगळ्या ओळीत येते, कधी एक-दोन दिवसांनी. ते बँकेगणिक वेगळे असते. इथे ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४ रुपये धरू. नोंद: बँक शुल्क नावे ३००, केंद्राचा व राज्याचा जीएसटी नावे २७-२७, बँक जमा ३५४. बँकेकडे व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल, तर त्या ५४ रुपयांची वजावट मिळू शकते. जीएसटी नोंदणी नसलेल्या दुकानदाराला पूर्ण ३५४ खर्चात धरावे लागतात. शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल करायचे ठरले, तर गिऱ्हाईक नावे ३००, बँक शुल्क जमा ३००. वजावट घेतल्यावर पदरचे गेले तेवढेच. चेक न वटल्याबद्दल गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या दंडावर जीएसटी लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या सरकारी परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

एक चूक मात्र याहून महागात पडते. चेक परत आला म्हणून विक्रीच उलटवायची, माल परत आल्याची नोंद करायची. तसे केले की विक्री घटते, भरायचा कर घटतो आणि वहीतला साठा वाढतो. गोदामात मात्र ते कापड नसते. चेक परत आला, कापड परत आले नाही. विक्री झाली ती झालीच आणि तिच्यावरचा करही देय राहतो.

कायद्याचे थोडक्यात: १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. बँकेकडून परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, तरीही पैसे न आल्यास पुढच्या महिनाभरात न्यायालयात तक्रार. मेमो मिळाल्याची तारीख वहीत हवी ती यासाठीच.

मार्चअखेरीस गाठ थोडी आवळते. २९ मार्चला भरलेला चेक २ एप्रिलला परत आला, तर ताळेबंदात ती रक्कम बँकेत दाखवायची की येण्यात? गिऱ्हाइकाकडून पैसे ३१ मार्चलाही आलेले नव्हते, परतीने ते फक्त उघड झाले. ताळेबंदानंतरच्या घटनांविषयीचे लेखा मानक ४ हेच सांगते. खाती अंतिम होण्याआधी मेमो आला असेल, तर उलट नोंद मार्चच्याच हिशेबात घेऊन रक्कम येण्यात दाखवायची.

तोच चेक पुन्हा भरायचा झाला, तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरता येतो. तेव्हा नवी पावती नोंदवायची, आणि पुन्हा परत आला तर पुन्हा उलट नोंद. पुण्याच्या गिऱ्हाइकाने ती वेळ आणली नाही. त्याने १२ सप्टेंबरला आरटीजीएसने २,१०,३०० रुपये भरले. बँक नावे २,१०,३००, गिऱ्हाईक जमा तेवढेच. त्यातले २,१०,००० जुलैच्या बिलाला लागले आणि ३०० शुल्काला.