नंबर कोणाच्या हातात?

२७ डिसेंबर २०१८ च्या रात्री माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मोबाइलवर सहा मिस्ड कॉल आले. त्यांतला एक +४४ ने सुरू होणारा, म्हणजे ब्रिटनचा कोड असलेला होता. सकाळी उठून पाहिलं तर फोनला टॉवर नव्हता. मोबाइल कंपनीकडे चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की रात्री सव्वाअकराच्या सुमारास तुमच्याच नावाने सिम बदलण्याची विनंती आली होती. तोवर त्या व्यापाऱ्याच्या कंपनीच्या खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये देशभरातल्या वेगवेगळ्या खात्यांत गेले होते. धावपळ करून बँकेला त्यांतले सुमारे २० लाख परत आणता आले. त्यानंतर ‘सिम स्वॅप’ हा शब्द मराठी पेपरांत ठळक दिसू लागला.

महागाव तालुक्यातल्या आमच्या फुलसावंगीत तेव्हा ही बातमी मुंबईची म्हणूनच वाचली गेली. एवढा पैसा इथे कोणाच्या खात्यात असतो? पण मागे वळून पाहिलं की वाटतं, प्रश्न रकमेचा नव्हताच.

ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी खातरजमा हवी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये लागू केला. ती खातरजमा हळूहळू एसएमएसने येणारा ओटीपीच झाली, कारण मोबाइल सगळ्यांकडे होता आणि वेगळं यंत्र कोणाला द्यावं लागत नव्हतं. सोय खरी होती. पण ओटीपी माणसाला येत नाही, नंबरला येतो. आणि नंबर कोणत्या सिममध्ये चालायचा हे मोबाइल कंपनीच्या नोंदीत ठरतं. सिम हरवलं, मोडलं की कंपनी तोच नंबर नव्या सिमवर देते, त्याच क्षणी जुनं सिम बंद पडतं. ही सेवा गरजेचीच आहे. चोर तीच सेवा तुमच्या नावाने मागतो. बँकेची तिजोरी कितीही भक्कम असली तरी तिची एक किल्ली सिमच्या दुकानात नव्याने घडवून मिळते, असा हा प्रकार.

नुसत्या सिमने मात्र खातं रिकामं होत नाही. नेट बँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड आधीच हाती लागलेला असतो, बनावट लिंकवरून किंवा संगणकात शिरलेल्या व्हायरसमधून. सिम स्वॅप हा शेवटचा टप्पा. म्हणून तो रात्री किंवा सुट्टीच्या तोंडावर होतो, म्हणजे टॉवर गेल्याचं कळायला वेळ लागतो. एकामागून एक मिस्ड कॉल देण्यामागेही डाव असतो. एक तर जुनं सिम अजून चालू आहे का ते कळतं, आणि त्रासून माणसाने फोन बंदच केला तर आणखी बरं.

त्याच काळात गावोगाव दुसरी युक्ती चालली. “साहेब, तुमचं सिम फोर-जी करायचंय, नाहीतर बंद पडेल.” मग वीस आकडी नंबर दिला जायचा आणि तो कंपनीला एसएमएस करायला सांगितला जायचा. तो आकडा चोराच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असायचा. खातरजमेचा मेसेज आला की ‘१’ दाबायला सांगत, आणि माणूस आपल्याच हाताने आपला नंबर देऊन मोकळा होई. आता तीच गोष्ट ई-सिमच्या नावाने होते. त्यात प्लास्टिकचं सिमही लागत नाही, एका लिंकवर होकार दिला की काम होतं.

सरकारने या वाटेवर अडसर घातले, पण टप्प्याटप्प्याने. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की सिम बदलल्यावर नव्या सिमवर चोवीस तास एसएमएस येऊ-जाऊ द्यायचे नाहीत. १ जुलै २०२४ पासून ट्रायचा नियम आला की सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी एसएमएसशिवाय खातरजमेचे इतर मार्गही मोकळे केले. ते पाळायची मुदत १ एप्रिल २०२६. माझ्या मते यांत सगळ्यात कामाचा चोवीस तासांचा नियमच आहे, कारण तो खातेदाराला एक दिवस मिळवून देतो. पण टॉवर गेल्याची दखल त्याने घेतली तर.

आणि इथेच फुलसावंगीची अडचण वेगळी आहे. मुंबईत टॉवर गेला तर माणूस चमकतो. आमच्याकडे लाइन गेली की टॉवर जातो, शेतात गेलं की जातो, कोणी मनावर घेत नाही. म्हणून ओळखायची खूण थोडी बारीक हवी. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमला टॉवर आहे आणि तुमच्याला नाही, फोन बंद-चालू करूनही येत नाही, तर दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला कॉल लावायचा. तुमचा फोन मुका आणि तिकडे रिंग वाजतेय, तर नंबर दुसऱ्याच्या हातात गेला असं समजायला हरकत नाही.

कापसाचे पैसे, पीएम किसान, पीक विमा, सगळं आता खात्यात येतं आणि नोंदणी, केवायसी ओटीपीवर होते. बऱ्याच घरांत बापाच्या खात्याला पोराचा नंबर असतो. तो पोरगा पुण्याला जाऊन नवं सिम घेतो आणि जुनं रिचार्जविना पडून राहतं. वापर नसलेला नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला देते. तिथे चोरही लागत नाही. तेव्हा नंबर सोडण्याआधी बँकेत आणि आधारला नवा नोंदवणं, हे पहिलं काम.

दुसरं, आधारची झेरॉक्स. २०२३ पर्यंत ती सिम मिळवायलाही चालायची, आणि यूपीआय पिन ठेवण्याच्या एका मार्गात आधारचे आकडे आणि ओटीपी एवढंच लागतं. जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्यावं. नेट बँकिंगची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणावी, आणि व्यवहाराची सूचना एसएमएसबरोबर ईमेलवरही मागावी, कारण नंबर गेल्यावर एसएमएसची सूचनाही चोरालाच मिळते. त्या ईमेलला मात्र एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड लावावा. तो कोड फोनमध्येच तयार होतो, सिम बदलून तो पळवता येत नाही. फोन हरवला तर म्हणून बॅकअप कोड वहीत लिहून ठेवायचे. सिमला पिन लावला की स्वॅप टळतो, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. तो पिन चोरलेल्या सिमसाठी उपयोगी आहे, नव्या सिमला तो लागूच नसतो.

नंबर गेलाच तर आपला फोन मुका असतो, तेव्हा शेजाऱ्याच्या फोनवरून आधी बँकेच्या हेल्पलाइनला सांगून खातं गोठवायचं, मग १९३० लावायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची, मग मोबाइल कंपनीला सिम बंद करायला सांगायचं. बँकेचा नंबर पासबुकवर पेनाने लिहिलेला असला तर ही धावपळ निम्मी होते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर खातेदारावर भुर्दंड नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात दिली तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान आपलंच. निष्काळजीपणा खातेदाराचा होता हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, हे शाखेत बोलताना माहीत असावं, आणि तक्रारीची पोच तारीख-वेळेसह लेखी घ्यावी.