हालचाल रजिस्टरमधले गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांसाठी शिक्षकांच्या गैरहजेरीवर दोन पानांचे टिपण लिहायचे आहे, असे समजा. दोन पानांचे यासाठी की तिसरे पान कोणी वाचत नाही. पहिल्याच ओळीत आकडा हवा आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण हाताशी दोन आकडे आहेत आणि त्यांच्यात दहा पटींचा फरक आहे.

पहिला आकडा 2003चा. अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने वीस राज्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक शाळांना न कळवता भेटी दिल्या. सरकारी प्राथमिक शाळांतले 25 टक्के शिक्षक त्या दिवशी शाळेत नव्हते. झारखंडमध्ये हे प्रमाण 42 टक्क्यांच्या आसपास होते. सर्वांत कमी होते महाराष्ट्रात, 14.6 टक्के. साधारण तेच काम 2010 साली पुन्हा झाले तेव्हा देशाचा आकडा किंचित उतरून साडेतेवीसच्या घरात आला होता.

दुसरा आकडा अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या 2017मधल्या अभ्यासाचा. सहा राज्यांतल्या 619 शाळा पाहून त्यांनी सांगितले की विनाकारण गैरहजर शिक्षक फक्त अडीच टक्के आहेत. संघटनांना हा आकडा आवडतो, वर्तमानपत्रांना आधीचा आवडतो. दोन्ही खरे आहेत. त्या 619 शाळांतही शाळेत नसलेले शिक्षक साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होतेच. त्यांतले नऊ टक्के रजेवर, सात टक्के प्रशिक्षणाला किंवा इतर सरकारी कामाला, आणि उरलेले अडीच टक्के दांडीबहाद्दर.

इथे थोडा संशय राखायला हवा. शिक्षक का आला नाही याचे कारण बहुतेक वेळा शाळाच सांगते. तारीख न टाकलेला किरकोळ रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवलेला असतो. कोणी आले तर तारीख पडते, नाही आले तर अर्ज तसाच खणात राहतो आणि दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही होते. म्हणजे अडीचमधले काही जण नऊमध्ये लपलेले असणार. तरीही मोठा भाग रजेचा आणि कामाचा आहे, हे मान्य केल्यावाचून टिपण पुढे सरकत नाही.

मुलांच्या बाजूने मात्र कारणाला किंमत नाही. महाराष्ट्रात वाडीवस्तीवरची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन गुरुजी. 2003चाच 14 टक्क्यांचा आकडा धरून हिशेब करून पाहू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते. दोघांची गैरहजेरी एकमेकांवर अवलंबून नाही असे मानले, तर 200पैकी सुमारे 48 दिवस शाळेत एकच शिक्षक असतो आणि चार दिवस एकही नसतो. राज्यांमध्ये सर्वांत चांगला म्हणून गणला गेलेला आकडा घेऊनही जवळपास दर चौथ्या दिवशी एक माणूस चार वर्ग सांभाळतो. त्यातच खिचडीची चव घ्यायची, पोषण आहाराची माहिती ॲपवर भरायची. अशा दिवशी शिकवणे होते असे म्हणणे धाडसाचे आहे.

आता त्या 14चे तुकडे पाडू. फाउंडेशनच्या अभ्यासातले प्रमाण इथेही लागू धरले, तर ढोबळमानाने सात टक्के रजा, पाच टक्के सरकारी काम, दोन टक्के दांडी. अधिकाऱ्यांनी जादूची कांडी फिरवून दांडी पूर्ण बंद केली, तर एकशिक्षकी दिवस 48वरून 42वर येतात. दांडीला हात न लावता फक्त सरकारी काम पाचवरून दोन टक्क्यांवर आणले, तर ते 39वर येतात. दोन्ही जमले तर 33. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्येक तालुक्याचे तुकडे वेगळे निघतील. पण ज्या दोन टक्क्यांवर सगळी भाषणे होतात, त्यांच्यापेक्षा कार्यालयाच्या स्वतःच्या पत्रांनी शाळेबाहेर काढलेले पाच टक्के जास्त भरतात, एवढे त्यातून दिसते.

मग कारणांची चर्चा. गावकऱ्यांचे मत ठरलेले असते: गुरुजी तालुक्याला राहतात, मोटारसायकलवर ये-जा करतात, म्हणून दांड्या होतात. मुख्यालयी राहण्याचा दाखला आणि त्यावर मिळणारा घरभाडे भत्ता हा आपल्याकडे कायमचा वाद आहे. पण 2003च्या अभ्यासात स्थानिक शिक्षक आणि बाहेरून येणारे शिक्षक यांच्या गैरहजेरीत फारसा फरक आढळला नाही. पगार वाढवला तर येतील म्हणावे, तर जास्त पगाराचे मुख्याध्यापकच जास्त वेळा बाहेर सापडले. कंत्राटी ठेवावे म्हटले, तर थोड्या मानधनावरचे कंत्राटी शिक्षकही साधारण तितकेच गैरहजर. फरक दिसला तो दोन गोष्टींनी. जिथे तपासणीला माणूस वारंवार येत होता तिथे, आणि जिथे शाळेची इमारत व सोयी बऱ्या होत्या तिथे गैरहजेरी कमी होती. शिक्षेची भीती म्हणावी, तर पाहणीतल्या सुमारे तीन हजार सरकारी शाळांमध्ये सतत गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षकाला काढून टाकल्याचे उदाहरण एकच निघाले.

आपल्या कार्यालयांना सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे यंत्र. आधी अंगठा, मग चेहरा, आता ॲप. यंत्राबद्दल उदयपूर जिल्ह्यात झालेले दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्हींत सेवा मंदिर ही एकच संस्था होती आणि संशोधकही बऱ्याच अंशी तेच.

पहिला प्रयोग 2003मध्ये सुरू झाला, संस्थेच्याच एकशिक्षकी केंद्रांत. शिक्षकाला कॅमेरा दिला. त्यातली तारीख-वेळ बदलता येत नसे. सकाळी एक फोटो, सुटताना एक, दोन्हींत निदान पाच तासांचे अंतर आणि चौकटीत किमान आठ मुले. फोटो विद्यार्थीच काढायचा. महिन्याचे 1000 रुपये आधी ठरलेले होते, ते आता दिवसांवर आले. वीस दिवस भरले तर हजार, वर प्रत्येक दिवसाला 50 जास्त, खाली प्रत्येक दिवसाला 50 कमी. पण 500च्या खाली कोणी जायचे नाही. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21वर आली आणि मुलांचे गुणही वाढले.

दुसरा प्रयोग सरकारी आरोग्य उपकेंद्रांतल्या नर्सबाईंवर. इथेही वेळ नोंदवणारे यंत्र होते. ठरलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर राहिल्यास पगार कापायचा, असे आरोग्य प्रशासनाने जाहीर केले. सुरुवातीचे काही महिने हजेरी झपाट्याने वाढली. सोळा महिन्यांनी यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या केंद्रांत फरक उरला नव्हता. यंत्रे बिघडली हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा की यंत्राने ‘गैरहजर’ नोंदवलेल्या दिवसांची जागा हळूहळू ‘सूट असलेल्या’ दिवसांनी घेतली. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा शिबिर. ही सूट देणारे होते त्यांचेच वरिष्ठ.

आपल्या शाळेत या सुटीचे नाव हालचाल रजिस्टर. ‘केंद्रशाळेत कामानिमित्त’ असे दोन शब्द लिहिले की दिवस पवित्र होतो. पहिल्या प्रयोगातला पगाराचा नियम आपल्याकडे आणता येणार नाही. तिथे संस्था, मानधन आणि एकच शिक्षक होता. इथे नियमित वेतनश्रेणी आहे आणि जिल्हा परिषद सेवेचे 1964चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यामुळे ॲप आणले, तर ते उदयपूरच्या पहिल्या वाटेने न जाता दुसऱ्या वाटेने जाण्याची शक्यता जास्त. शिवाय चेहरा टिपून आत गेलेला शिक्षक वर्गात आहे की कार्यालयात माहिती भरतो आहे, ते यंत्र सांगत नाही.

टिपणातला खर्चाचा पर्याय म्हणजे जास्त शिक्षक. प्रत्येक केंद्राला एक फिरता शिक्षक असावा, जो रजेच्या दिवशी द्विशिक्षकी शाळेत जाईल. कल्पना चांगली आहे, रजेच्या सात टक्क्यांना दुसरे औषधही नाही. पण पदे मंजूर करणे शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात नाही. आणि 2010च्या पाहणीत असेही दिसले की शिक्षकांमागची मुले कमी झाली तिथे गैरहजेरी थोडी वाढली. दोघांऐवजी तिघे असले की एकाला ‘जाऊन ये’ म्हणणे सोपे जाते. त्याच संशोधकांचा अंदाज होता की प्रत्यक्ष शिकवणारे हात वाढवायचे तर नव्या भरतीपेक्षा तपासणीवरचा खर्च दहा पटींहून जास्त फळ देईल.

तेव्हा केंद्रप्रमुख. त्यांची भेट खरोखर अनपेक्षित असली तरच कामाची. पहिल्या शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली की व्हॉट्सॲपवर पुढच्या पाच शाळांना कळते. म्हणून एका दिवशी एका रस्त्यावरच्या सगळ्या शाळा घेऊ नयेत, चिठ्ठी काढून लांबलांबच्या दोनच घ्याव्यात. भेटीत मस्टर आधी न पाहता वर्गात मोजावे: किती शिक्षक शिकवताहेत. नंतर जे नाहीत त्यांच्यासाठी तीन रकाने: मंजूर रजा, लेखी आदेशाने काम, कारण नाही. दुसऱ्या रकान्यात आदेशाचा जावक क्रमांक लिहिता आला नाही, तर नोंद तिसऱ्यात जाईल. अडचण एवढीच की केंद्रप्रमुखांची बरीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि कार्यभार ज्याच्याकडे असतो तो बहुधा एखाद्या शाळेतला शिक्षकच असतो. तपासणीला निघाला की त्याचाच वर्ग उघडा पडतो.

राहिले ते पाच टक्के. शिक्षणहक्क कायद्याचे 27वे कलम शिक्षकांना दहावार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगते. निवडणुकीची दारे मोठी आहेत. बीएलओचे काम जिल्हा प्रशासनाचे, त्यावर शिक्षणाधिकारी फार तर एवढी विनंती करू शकतात की द्विशिक्षकी शाळेतून दोघांना घेऊ नका. पण मुख्याध्यापकांच्या बैठका, प्रशिक्षणे, ‘तात्काळ’ शिक्का मारलेल्या माहितीचे तक्ते, गणवेशाच्या पावत्या पोहोचवायला तालुक्याला फेरी, हे सारे शिक्षण विभागाच्याच पत्रांनी होते. बैठक शाळा सुटल्यावर घ्यायची. एका द्विशिक्षकी शाळेतून एका दिवशी दोघांना बोलवायचे नाही. तालुक्याने काढलेले प्रत्येक पत्र किती शाळादिवस खाते हे त्याच पत्राच्या कोपऱ्यात लिहायचे. याला शासननिर्णय लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

हे चालते आहे की नाही हे ओळखण्याची खूण उदयपूरनेच देऊन ठेवली आहे. तीन महिन्यांनी तिसरा रकाना आटला आणि दुसरा तेवढाच फुगला, तर काहीही बदललेले नाही. फक्त गुरुजी हालचाल रजिस्टरमध्ये राहायला गेले आहेत. म्हणून टिपणाच्या शेवटी अधिकाऱ्यांकडे एकच आकडा मागावा, कारणांविना: या महिन्यात किती द्विशिक्षकी शाळा किती दिवस एकाच शिक्षकावर चालल्या. आणि हे टिपण समजावून सांगण्यासाठी मुख्याध्यापकांची सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवू नये.