मुलगा शिकायला गेला, आईची झोप गेली

बारावीचा निकाल, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या ही सारी धावपळ ऑगस्टच्या सुमारास आटोपते. मुलाची ट्रंक, गादी, बादली वसतिगृहावर पोहोचते आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आमच्या चिंचवडच्या दवाखान्यात एका विशिष्ट तऱ्हेचे रुग्ण येऊ लागतात. वय पंचेचाळीस-पन्नास, बहुधा आई, क्वचित वडील. तक्रार असते ॲसिडिटीची, डोकेदुखीची, नाहीतर झोप लागत नसल्याची. "मुलगा गेल्यापासून घर खायला उठते," हे वाक्य येते ते शेवटी, कागदावर औषध लिहून झाल्यावर, उठता उठता.

इंग्रजी पुस्तकांतून याला 'रिकामे घरटे' असे नाव आहे. वाचकांनी एक ध्यानात घ्यावे, की हा आजार नव्हे. आजारांच्या अधिकृत यादीत त्याला स्थान नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत तो दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. मग त्यावर लेख कशासाठी? कारण याच वयात पाळी अनियमित होऊन थांबत असते, थायरॉईडचा विकार डोके वर काढतो आणि नैराश्य हा खराखुरा आजारही सुरू होऊ शकतो. या साऱ्यांवर 'मुलगा गेला ना, म्हणून' असे एकच लेबल लागले, की उपचार लांबतात.

आपल्या भागात हा प्रश्न थोडा अधिक जाणवतो असे माझे मत आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरीसाठी मराठवाडा, खानदेश, कोकणातून माणसे आली आणि इथलीच झाली. पण सासू-सासरे, जावा-नणंदा गावीच राहिल्या. दोन खोल्यांच्या घरात तिघे, त्यातला एक गेला, की उरतात दोघे. आणि त्यातला एक शिफ्टला.

एका बाईंचे उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय सत्तेचाळीस, यजमान कारखान्यात, एकुलता एक मुलगा इंजिनिअरिंगसाठी नागपूरला. सप्टेंबरात त्या छातीत जळजळ आणि झोप नाही म्हणून आल्या. मी त्यांना कालचा दिवस उठल्यापासून सांगायला लावला. पूर्वी त्या साडेपाचला उठत, डबा करत. दुपारी क्लासला जाणाऱ्या मुलाचे जेवण, रात्री त्याच्या अभ्यासाबरोबर अकरा वाजता चहा. आता उठायला कारण नाही म्हणून साडेसात. यजमानांची सेकंड शिफ्ट असली, की रात्री एकटीसाठी कुठे भाकरी थापा, म्हणून चहा-टोस्ट. दुपारी दोन तास झोप, रात्री एकपर्यंत जागरण आणि रिकाम्या पोटी चार कप चहा. जळजळीचे आणि निद्रानाशाचे कारण इथेच सापडले. मुलाच्या वेळापत्रकावर आईच्या शरीराचे घड्याळ लागलेले असते. तो गेला, की आधी बिघडते ते घड्याळ.

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण मुलाने फोनवर मेसच्या पोळीची नक्कल केली ते सांगताना त्या खळखळून हसल्या. हे हसू डॉक्टरच्या दृष्टीने फार मोलाचे. साधे दुःख लाटांसारखे येते आणि मधल्या वेळात माणूस मोकळा असतो. मुलाची रिकामी कॉट पाहून रडू येते, शेजारीण आली की विसर पडतो. थायरॉईडची टीएसएच तपासणी नॉर्मल आली, हिमोग्लोबिन १०.८ होते म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. वजन ६१ किलो नोंदवले. झोपेची गोळी दिली नाही. उठण्याची वेळ ठरलेली, मग रात्र कशीही जावो. दुपारची झोप अर्ध्या तासावर नाही, संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, रात्रीचे जेवण ताट वाढून. आणि मुलाला फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. दर दोन तासांनी 'जेवलास का' विचारले, की पोरगा फोन उचलायचे टाळतो आणि मग आईच्या काळजीला आणखी खाद्य मिळते. जाताना यजमानांना बाजूला घेऊन सांगितले, की दिवाळीत मुलगा घरी येईल तेव्हा यांच्याकडे लक्ष ठेवा.

ही दिवाळीची परीक्षा मी मुद्दाम सांगतो. साधी रुखरुख असेल तर मुलगा दारात दिसताच आई उभी राहते, चकलीचा सोऱ्या बाहेर निघतो. तो परत गेला, की चार दिवस पुन्हा जड जातात, एवढेच. नैराश्य असेल तर मुलगा घरात असूनही मन वर येत नाही. या बाईंचे तसेच झाले. मुलगा आठ दिवस राहिला आणि त्या बहुतेक वेळ पडून होत्या. फराळ विकतचा आला. यजमान त्यांना घेऊन आले तेव्हा वजन ५७ होते. झोपेची तऱ्हाही बदलली होती. आता झोप लागे, पण पहाटे साडेतीनला जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे. सकाळ सर्वांत वाईट, संध्याकाळी थोडे बरे. आणि "आता माझा काय उपयोग" हे वाक्य दोनदा आले.

अशा वेळी आम्ही नऊ प्रश्नांची एक यादी विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह, झोप, भूक, लक्ष लागणे वगैरे किती दिवस बिघडले, यावर प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले, तर नीट तपासणी हवी. यांचे १६ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो विचारल्याने नको ते डोक्यात शिरते अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची आहे. बाई म्हणाल्या, "जीव द्यावा असं नाही वाटत, पण सकाळी उठूच नये असं वाटतं." मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि नैराश्यावरची गोळी सुरू झाली.

अशा रुग्णाला नातेवाईक हमखास म्हणतात, भजनी मंडळात जा, मोरया गोसावींच्या देवळात जाऊन बस, मन रमव. रुखरुखीवर हा सल्ला उत्तम. पण नैराश्यात उठण्याची शक्तीच आटलेली असते. जमले नाही, की 'मी कशालाच लायक नाही' याची खात्री पटते. आजार थोडा उतरू द्यावा, मग हेच सल्ले लागू पडतात.

वडिलांविषयी दोन शब्द. पुरुष रडत नाहीत, ओव्हरटाईम मागून घेतात, घरी चिडचिड करतात, किंवा रविवारी असणारी बाटली बुधवारीही उघडतात. रक्तदाब वाढला म्हणून आलेल्या अशा गृहस्थाला मी मुलाची चौकशी करतो.

मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी मात्र आणू नये. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि नैराश्य त्यांनी बरे होत नाही. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. पहिल्या आठवड्यात थोडी मळमळ होते, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमके त्या काळात पुष्कळजण त्या सोडून देतात. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून विनामूल्य चालू आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, रुग्णाला एकटे ठेवू नये.

या बाई जानेवारीत आल्या तेव्हा वजन ५९ होते आणि झोप साडेपाचपर्यंत लागत होती. त्यांनी विचारले, "आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का?" मी नाही म्हटले. बरे वाटू लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने ती घ्यावी लागते, नाहीतर आजार उलटतो, आणि थांबवायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत. मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन परत जाईपर्यंत तरी ती चालूच राहील, असे त्यांना सांगून ठेवले.