खमिराची भूक ओळखा

मैत्रिणींनो, इडलीचं पीठ उन्हाळ्यात किती भराभर आंबतं, ते आपल्याला सांगायला नको. सावरडो ब्रेडच्या खमिराचंही तसंच असतं. पण त्याच्या बहुतेक कृती थंड हवेच्या देशांतून आलेल्या, त्यामुळे त्यातलं प्रमाण आपल्याकडे मे महिन्यात फसतं.

अकोल्याच्या माझ्या नणंदेचं खमीर महिनाभर छान फुगत होतं. उन्हाळा लागला तसं ते पातळ पडलं, वर काळपट पाणी साचलं आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायला लागला. ‘वहिनी, टाकूनच देते आता,’ ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, थांब, ते नासलं नाहीये, उपाशी आहे! ती रोज सकाळी २० ग्रॅम खमिरात २० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम पाणी घालायची. तिथल्या उकाड्यात एवढं पीठ तीन-चार तासांत फस्त व्हायचं आणि उरलेला दिवस ते भुकेलं राहायचं.

मग तिला वरचं पाणी ओतून द्यायला सांगितलं. खमीर फक्त १० ग्रॅम ठेवायचं, त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम गार पाणी. सकाळी एकदा, रात्री एकदा. (मोजायला काटाच हवा हं, वाटीभर पीठ आणि वाटीभर पाणी वजनाला सारखं भरत नाही.) उरलेलं खमीर धिरड्यात जातं. चौथ्या दिवशी वास निवळला, ताकासारखा आंबूस झाला. थंडीत मात्र हेच प्रमाण जड होतं, तेव्हा पुन्हा कमी पीठ घालावं.

पीठ म्हणाल तर चक्कीवरची कणीकच मला बरी वाटते. कोंड्यासकट दळलेल्या पिठात खमिराला खाद्य जास्त मिळतं. नुसत्या मैद्यावर ते जरा सुस्तावतं. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून मिश्रण घट्टसर दिसेल, ते तसंच असू द्या.

ब्रेडला कधी घ्यायचं? बरणीला खमिराच्या पातळीवर रबर लावा आणि झाकण सैल ठेवा. खमीर दुप्पट झालं, वरचा भाग किंचित फुगीर आणि आत जाळी दिसली, की लगेच घ्यायचं. मध्ये खोलगट झालं म्हणजे वेळ टळली. पाण्यात तरंगतं का बघा, असं सांगतात, पण कणकेचं खमीर तयार असूनही कधीकधी बुडतं. मी रबरावरच विसंबते. असं लागोपाठ दोन-तीन वेळा दुप्पट झालं, तरच पहिला ब्रेड करायला घ्या.

गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, बुरशीचे ठिपके आले, तर मात्र वरवर काढून वापरू नका. सगळंच टाका आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन घ्या.