एका फ्रेमचा फराटा: बॅट फिरली, पण दिसली का?

नेहमीसारखं, ऐकायला वेळ नसेल किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरले असाल तर भागाचं हे लिखित रूप वाचा. आजचा विषय आपल्याच एका श्रोत्याने दिलाय. बोरिवलीचा मुलगा आहे, नाव सांगत नाही. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये क्रिकेट, फलंदाज टेनिस बॉलला सिक्स मारतो, एवढीच दोन सेकंदांची टूडी क्लिप त्याने मोबाइलवर काढली आहे. सोमवारी एका स्टुडिओला टेस्ट म्हणून पाठवायची आहे, आणि त्याचा प्रश्न असा: "बॅट फिरताना तुटक दिसते. मग मधे अजून ड्रॉइंग टाकली, तर शॉट एकदम ढिला झाला. काय करू?"

आधी तुटक का दिसते ते बघू. त्याची बॅट एका ड्रॉइंगमध्ये खांद्यामागे आहे आणि पुढच्याच ड्रॉइंगमध्ये पार दुसऱ्या बाजूला. दोन्ही चित्रांत बॅट एकमेकींना कुठेच शिवत नाहीत. अशा वेळी डोळा "एक बॅट इथून तिथे गेली" असं जोडत नाही, त्याला दोन वेगळ्या बॅटी लुकलुकताना दिसतात. ॲनिमेशनवाले याला स्ट्रोबिंग म्हणतात. दोन लागोपाठच्या चित्रांतली वस्तू थोडी तरी एकमेकींवर येत असेल, तर बहुतेक वेळा काही करायची गरज नसते. मधे रिकामी जागा राहिली की घोळ सुरू होतो.

मग मधे पाच ड्रॉइंग का चालली नाहीत? कारण त्याचं ॲप सेकंदाला 12 फ्रेमवर होतं. पाच ड्रॉइंग म्हणजे जवळपास 0.4 सेकंद. एवढ्या वेळात सिक्स नाही, आरतीचं ताट फिरवून होतं! ॲनिमेशनमध्ये ड्रॉइंग वाढवलं की वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की वेग मेला. त्यामुळे जागा भरायची, पण वेळ न वाढवता. यासाठीच स्मीअर फ्रेम. मी तिला सरळ 'फराटा' म्हणतो. वस्तू जिथून निघाली आणि जिथे पोचली, त्यामधला सगळा प्रवास एकाच चित्रात ओढून काढायचा.

कॅमेऱ्यात हे आपोआप होतं. घाटकोपरच्या फलाटावर उभं राहून न थांबता जाणाऱ्या मेल-एक्सप्रेसचा फोटो काढा, डबे पुसट पट्ट्यांसारखे येतात, कारण शटर उघडं असताना गाडी पुढे सरकलेली असते. हाताने काढलेल्या चित्राला शटर नसतं. प्रत्येक रेघ स्वच्छ, म्हणून ते पुसटपण आपणच काढावं लागतं.

ही युक्ती जुनी आहे. 1942 साली चक जोन्सच्या 'द डोव्हर बॉइज' या कार्टूनमध्ये पात्रं एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये अक्षरशः फराट्यासारखी जातात. यूट्यूबवर स्पीड 0.25 करून बघा. 24 फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम 42 मिलिसेकंद राहते, ती आता साधारण 167 मिलिसेकंद राहील, म्हणजे डोळ्याने पकडता येईल. कॉम्प्युटर असेल तर व्हिडिओ थांबवून `.` दाबा, एकेक फ्रेम पुढे जाते. `,` ने मागे.

आता आपल्या सिक्सकडे. आधी प्रोजेक्ट 24 फ्रेमवर घ्या. सगळं 24 ने काढायची गरज नाही, संथ भागात एक ड्रॉइंग दोन-दोन फ्रेम ठेवायचं. फ्रेम 1 ते 8 मध्ये फक्त बॅट मागे उचलायची, चार ड्रॉइंगमध्ये, आणि वर जाताना हळू होत जायची. ही तयारी गाळू नका. प्रेक्षकाला "आता मारणार" हे आधी कळलं नाही, तर पुढचा फराटा कितीही सुंदर असो, तो नुसता झटका वाटतो. फ्रेम 9 ला बॅट जेमतेम खाली झुकते. फ्रेम 10 म्हणजे फराटा, आणि तो एकच फ्रेम. फ्रेम 11 ला बॅट दुसऱ्या खांद्यावर पोचलेली, हवी त्यापेक्षा थोडी पुढेच गेलेली. मग 12 ते 20 पर्यंत ती सावकाश जागेवर येते, शर्ट मागाहून येतो.

फ्रेम 10 नीट काढायची तर ऑनियन स्किन चालू करा, म्हणजे मागचं चित्र पुसट दिसेल. बॅटच्या टोकाचा मार्ग आधी हलक्या रेघेने काढा. तो कमानीसारखाच येणार, कारण हात खांद्याभोवती फिरतात. आमच्या श्रोत्याने फराटा सरळ रेषेत ओढला होता, आणि बॅट थेट फलंदाजाच्या पोटातून आरपार गेली! हात कमी अंतर जातात आणि टोक सगळ्यात जास्त, म्हणून आकार हातपंख्यासारखा होतो: मुठीकडे अरुंद, टोकाकडे रुंद. पुढची कड स्वच्छ आणि ठसठशीत, तिथे खरी बॅट ओळखू यायला हवी. मागची कड विरत जाणारी, तिथे काळी आउटलाइन नको. बॅटवर लाल स्टिकर असेल तर तोही पंख्यात लाल पट्टा होऊन वळू द्या. रंग तेच राहिले की मेंदू वस्तू तीच मानतो.

आणि फ्रेम 11 मध्ये बॅटमागे एक बारीक शेपटी सोडा, जिथे फ्रेम 10 ची पुढची कड संपली तिथपर्यंत. नाहीतर एक भोक बुजवून पुढे दुसरं पडतं. बॉलचंही तेच. फ्रेम 10 मध्ये तो बॅटच्या कडेला टेकलेला, फ्रेम 11 ला लांबट होऊन निघालेला.

सॉफ्टवेअरचा तयार ब्लर का नाही लावायचा? मागची इमारत झपकन सरकवायची असेल तर खुशाल लावा. पण बॅटवर नुसता ब्लर लावला की पुढची कडही पुसते आणि कमान येत नाही. माझं मत, पात्रावर हातानेच काढा.

मुंबईतल्या वैभव स्टुडिओजचा 'लॅम्पूट' तुम्ही कार्टून नेटवर्कवर पाहिला असेल, वैभव कुमारेश यांची निर्मिती. नारिंगी चिकट गोळा पळतो, दोन डॉक्टर मागे. संवाद नाहीत, सुरुवातीचे भाग तर 15 सेकंदांचे. हे पात्र मला या विषयात गमतीशीर वाटतं, कारण ते खरंच ताणलं जाऊ शकतं. अशा पात्राचा फराटा दोन-तीन फ्रेम राहिला, तर तो वेग वाटणार नाही, "आता हा लांब झाला" असं वाटेल. हाडामांसाच्या डॉक्टरचा तसाच राहिला, तर तो रबराचा वाटेल. आपला फलंदाजही त्यातच येतो. तुमच्या क्लिपमध्ये कुणी "हे काय लटकतंय?" असं विचारलं, तर समजा फराटा जास्त वेळ राहिलाय.

हे नकळत एक्स्पोर्ट करतानाही होतं. प्रोजेक्ट 24 चा आणि व्हिडिओ 30 चा काढला, तर सेकंदाला सहा फ्रेम कमी पडतात, म्हणून ॲप सहसा दर चार फ्रेममधली एक दोनदा दाखवतं. नेमका फराटाच दोनदा आला की 42 चे 67 मिलिसेकंद होतात आणि बॅट अडखळल्यासारखी दिसते. म्हणून दोन्ही आकडे सारखे ठेवा, आणि सोमवारी पाठवण्याआधी बाहेर पडलेली फाइल 0.25 स्पीडवर एकदा बघा. फराटा एकदाच चमकून गेला पाहिजे.